पंप पुन:पुन्हा का जातो : सक्शन, प्रेशर आणि रिटर्न लाइनमधील तेलाचा वेग तपासून काढलेले निदान

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कारखान्यात सुमारे ३० टनी हायड्रॉलिक प्रेस आहे. दीड वर्षात तिचे दोन गिअर पंप निकामी झाले होते आणि तिसराही तशीच किंकाळी फोडू लागला, तेव्हा मला बोलावणे आले. तक्रार अशी होती की, सकाळी पहिली पाळी सुरू होताना पंपातून कर्कश, एकसारखा आवाज येतो, प्रेसचा रॅम धक्के देत खाली येतो, आणि तास-दीड तासाने सर्व काही आपोआप सुरळीत होते. दुपारी आलेल्या प्रत्येक तंत्रज्ञाला यंत्र शांतपणे चालताना दिसले. त्यामुळे दोष कधी पंपाच्या बनावटीला, कधी तेलाला, तर कधी मोटर आणि पंप यांच्यातील कपलिंगला दिला गेला. तेल बदलले, कपलिंगचे अलाइनमेंट केले, स्ट्रेनर धुतला. आवाज मात्र कायम राहिला.

निकामी झालेला दुसरा पंप मालकांनी जपून ठेवला होता. तो उघडल्यावर साइड प्लेटवर दाबाच्या बाजूला बारीक खड्ड्यांचा पट्टा दिसला, जणू कोणी तेथे टाचणीने टोचे मारले असावेत. घाणीमुळे झिजलेल्या पंपावर गिअरच्या फिरण्याच्या दिशेने गुळगुळीत ओरखडे दिसतात. हे खड्डे तसे नव्हते. सक्शनच्या बाजूला दाब फार खाली गेला की तेलात विरघळलेली हवा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडते, त्यांत तेलाची वाफही मिसळते, आणि हे बुडबुडे दाबाच्या बाजूला पोहोचताच फुटून धातूवर आघात करतात. यालाच कॅव्हिटेशन म्हणतात. म्हणजे पंपाला पुरेसे तेल मिळत नव्हते, आणि प्रश्न पंपाचा नसून पंपाच्या आधीच्या नळीचा असण्याचा संभव दिसत होता.

तेथे मिळालेल्या माहितीतील सर्वांत मोलाची गोष्ट ही होती की, दोन वर्षांपूर्वी प्रेसचा वेग वाढवण्यासाठी पंप आणि मोटर दोन्ही बदलण्यात आली होती. पूर्वीचा पंप दर फेऱ्याला २५ घन सेंटिमीटर तेल देणारा होता, नवा ४५चा होता. मोटर १४४० फेऱ्यांची, म्हणजे पूर्वीचा प्रवाह मिनिटाला ३६ लिटर आणि आताचा सुमारे ६५ लिटर. नळ्या मात्र सगळ्या जुन्याच राहिल्या. नव्या पंपाचा सक्शन पोर्ट सव्वा इंची होता. त्यावर रिड्यूसर लावून जुनी एक इंची पाइप तशीच जोडलेली होती. पंपाच्या तोंडावर असा रिड्यूसर दिसला की मी आधी तेथेच थांबतो, कारण पंप बनवणाऱ्याने मागितलेल्या वाटेपेक्षा अरुंद वाट दिल्याचे ते उघड चिन्ह असते. जुन्या फिटरने एक गोष्ट सहज बोलता बोलता सांगितली, "साहेब, जुना पंपसुद्धा डिसेंबरात थोडा गुरगुरायचा, पण तासाभरात गप्प व्हायचा." त्या वेळी कोणी त्याकडे लक्ष दिले नव्हते, कारण पंप टिकत होता.

वेग कसा काढावा

नळीतील तेलाचा वेग काढण्यासाठी दोनच आकडे लागतात : मिनिटाला वाहणारे लिटर आणि नळीचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये.

```
v = 21.22 × Q / d²        (v: m/s, Q: L/min, d: mm)
d = 4.61 × √(Q / v)
```

कामात साधारणपणे पाळल्या जाणाऱ्या मर्यादा अशा आहेत : सक्शन लाइनमध्ये सेकंदाला ०.५ ते १.२ मीटर, रिटर्न लाइनमध्ये १.५ ते ३ मीटर, आणि प्रेशर लाइनमध्ये दाबाप्रमाणे ३ ते ६ मीटर. सक्शनची मर्यादा इतकी कमी का, हे ध्यानात घेतल्याशिवाय या आकड्यांचा उपयोग नीट होत नाही. प्रेशर लाइनमध्ये तेल ढकलायला पंपाजवळ शंभर-दीडशे बार दाब असतो, त्यातला एखादा बार घर्षणात गेला तरी काम चालते. सक्शन लाइनमध्ये तेल पंपाकडे ढकलणारी एकच शक्ती असते, टाकीतील तेलावरचा हवेचा दाब, आणि तोही जेमतेम एक बार. त्यातले किती खर्चायचे, हे पंप बनवणारा ठरवून देतो.

येथे व्यास हा शब्द जपून वापरावा लागतो. एक इंची पाइप म्हटले म्हणजे आतून एक इंच असतेच असे नाही. शेड्यूल ४० ची एक इंची पाइप आतून २६.६ मिलिमीटर असते, तर शेड्यूल ८० ची सुमारे २४.३. बाहेरून २५ मिलिमीटर आणि भिंत ३ मिलिमीटर असलेली सीमलेस ट्यूब आतून केवळ १९ मिलिमीटर भरते, आणि तीही दुकानात "एक इंचाच्या जवळपास" म्हणूनच दिली जाते. वेगाच्या सूत्रात व्यासाचा वर्ग असल्यामुळे एवढ्या फरकाने वेग जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून हिशेबाला बसण्यापूर्वी पाइपचे टोक उघडून व्हर्निअरने आतला व्यास मोजावा, नावावर विसंबू नये.

या प्रेसची सक्शन पाइप शेड्यूल ४० ची होती. ३६ लिटरला वेग १.०८ मीटर येतो, म्हणजे जुना पंप मर्यादेत पण काठावर होता. ६५ लिटरला तोच वेग १.९५ मीटर होतो. शिफारशीच्या वरच्या मर्यादेपेक्षाही हा दीडपटीहून अधिक आहे.

थंड सकाळ आणि गरम दुपार

वेग १.९५ मीटर हा दुपारीही तेवढाच असतो. मग दुपारी आवाज का येत नाही? वेगाचा तक्ता तेलाचा चिकटपणा विचारातच घेत नाही, आणि ही त्याची सर्वांत मोठी मर्यादा आहे. प्रेसमध्ये व्हीजी ६८ तेल होते. ४० अंश सेल्सिअसला या तेलाचा चिकटपणा ६८ सेंटिस्टोक असतो, ५० अंशांना तो ४३च्या आसपास उतरतो, पण १५ अंशांना सुमारे ३०० सेंटिस्टोकपर्यंत चढतो. नाशिकला जानेवारीच्या सकाळी रात्रभर बंद राहिलेल्या टाकीतील तेल १५ अंशांना असणे ही नित्याची बाब आहे.

इतके घट्ट तेल या वेगाला नळीतून थरांथरांनी, खळबळ न होता वाहते, आणि अशा प्रवाहात दाबाचा ऱ्हास सरळ काढता येतो. तेलाची घनता ८८० किलो प्रति घनमीटर धरल्यास :

```
Δp = 0.28 × ν × L × v / d²     (Δp: bar, ν: cSt, L: m, v: m/s, d: mm)
```

सक्शन पाइप दीड मीटर लांब होती. १५ अंशांना ऱ्हास सुमारे ०.३५ बार येतो. ५० अंशांना तोच ०.०५ बार. एकाच नळीत, एकाच पंपावर, सकाळ आणि दुपार यांत सातपट फरक पडतो. त्यात भर म्हणून पंप टाकीच्या झाकणावर, तेलाच्या पातळीपासून ४० सेंटिमीटर उंचीवर बसवलेला होता, त्यासाठी सुमारे ०.०३५ बार आणखी जातात. स्ट्रेनर आणि दोन एल्बो वेगळेच.

या पंपाच्या माहितीपत्रकात इनलेटला किमान ०.८ बार निरपेक्ष दाब असावा असे म्हटले होते. समुद्रसपाटीला याचा अर्थ सुमारे ०.२ बार व्हॅक्यूम चालतो असा होतो, आणि बहुतेक जण तोच आकडा सरसकट वापरतात. परंतु नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे आणि तेथे हवेचा दाबच सुमारे ०.९४ बार असतो. म्हणजे प्रत्यक्षात खर्च करायला ०.१४ बारच, पाऱ्याच्या मापात सुमारे १०५ मिलिमीटर, हाती उरतात. मुंबईच्या किनाऱ्यावर निभावून गेलेला पॉवर पॅक घाटमाथ्यावर आणल्यावर कुरकुरू लागला तर हा फरक आधी पाहावा.

हिशेब खरा की नाही, हे गेजने पाहणे

हिशेब झाला तरी मी केवळ त्यावर पाइप बदलायला सांगत नाही. पंपाच्या सक्शन तोंडाच्या जितके जवळ जमेल तितके जवळ व्हॅक्यूम गेज बसवले. सकाळी आठ वाजता, तेल १५ अंशांना असताना, काटा पाऱ्याच्या ३१० मिलिमीटरवर गेला आणि आवाजाबरोबर थरथरत राहिला. यंत्र चालू ठेवून दर पंधरा मिनिटांनी वाचन घेतले. काटा हळूहळू खाली आला, आणि तेल ५० अंशांना पोहोचले तेव्हा ९० मिलिमीटरवर स्थिर झाला. आवाज बंद. दुपारी येणाऱ्या तंत्रज्ञांना काहीच का सापडले नाही, याचे उत्तर या दोन वाचनांत होते.

या ठिकाणी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढाव्या लागतात, कारण तिन्हींचा आवाज ऐकणाऱ्याला सारखाच वाटतो. स्ट्रेनर तुंबला असेल तर व्हॅक्यूम आठवड्यागणिक वाढत जातो आणि तेल गरम झाल्यावरही नेहमीपेक्षा जास्तच राहतो. नळी अरुंद असेल तर नवा कोरा स्ट्रेनर लावलेल्या दिवशीसुद्धा थंड तेलावर वाचन वाईट येते आणि गरम तेलावर सुधारते. सक्शनच्या सांध्यातून हवा आत ओढली जात असेल तर गेज फारसे काही दाखवत नाही. पण टाकीतील तेल दुधाळ, फेसाळ दिसते, आवाज किंकाळीऐवजी खडखडाटासारखा असतो, आणि संशयित सांध्यावर तेच तेल ओतले की तो क्षणभर बदलतो. त्या सकाळी आम्ही स्ट्रेनर बाहेर काढला, तो स्वच्छ होता. सर्व युनियनवर तेल ओतले, आवाज बदलला नाही. टाकीचा ब्रीदर काढून पाहिला, तरी फरक पडला नाही. ब्रीदरची ही तपासणी अर्ध्या मिनिटाची असते आणि बहुतेक वेळा विसरली जाते. तुंबलेल्या ब्रीदरमुळे टाकीच्या आतच दाब घटतो, आणि मग नळी कितीही मोठी केली तरी उपयोग होत नाही.

नवी सक्शन पाइप निवडताना १ मीटर वेग धरला, तर व्यास ३७ मिलिमीटर येतो. सव्वा इंची शेड्यूल ४० पाइप आतून ३५ मिलिमीटर असते आणि तिच्यात वेग १.१२ मीटर येतो, म्हणजे तक्त्यानुसार ती चालली असती. मी दीड इंची, आतून ४०.९ मिलिमीटरची घेतली. तिच्यात वेग ०.८२ मीटर येतो आणि १५ अंशांना दाबाचा ऱ्हास ०.०६ बारच होतो. सव्वा इंचीत तो ०.११ बारच्या पुढे गेला असता आणि उंचीचा भाग मिळवून पुन्हा काठावर आला असता. अशा थरांच्या प्रवाहात ऱ्हास व्यासाच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणून पाइपचा एक आकार वाढवण्याने जे साधते ते स्ट्रेनर वारंवार धुऊन कधीच साधत नाही. पंपाच्या तोंडापर्यंत दीड इंची पाइप नेऊन तेथे सव्वा इंची पोर्टसाठी एक आखूड रिड्यूसर ठेवला. एवढ्या थोड्या लांबीत होणारा ऱ्हास नगण्य असतो. एका एल्बोच्या जागी मोठ्या वळणाचा बेंड घेतला आणि स्ट्रेनरही नव्या प्रवाहाप्रमाणे मोठा बसवला. नळीऐवजी होज वापरायची असती, तर ती आतून तारेचे वेटोळे असलेली, सक्शनसाठीच बनवलेली घ्यावी लागली असती, कारण साध्या होजचे आतले अस्तर व्हॅक्यूमने आत ओढले जाऊन वाट बंद करते आणि बाहेरून काहीही दिसत नाही.

रिटर्न लाइन : जी चूक हिशेब करणारेही करतात

पंपाचे निदान झाल्यावर दुसरी एक गोष्ट राहिली होती. रिटर्न फिल्टरचे तुंबल्याचे निशाण रॅम वर जाताना दर वेळी लाल होत असे आणि खाली येताना पुन्हा हिरवे होत असे. म्हणून एलिमेंट दोनदा बदलले गेले होते, आणि नव्या एलिमेंटवरही तेच झाले.

बहुतेक जण रिटर्न लाइन पंपाच्या प्रवाहावर मोजतात. ६५ लिटरला एक इंची पाइपमध्ये वेग १.९५ मीटर येतो, आणि रिटर्नसाठी तो अगदी योग्य दिसतो. पण या सिलिंडरचा बोअर १६० मिलिमीटर आणि रॉड ११० मिलिमीटर जाडीचा होता. बोअरचे क्षेत्रफळ २०१ चौरस सेंटिमीटर, तर रॉडच्या बाजूचे कडे फक्त १०६. रॅम वर जाताना पंप या लहान कड्यात मिनिटाला ६५ लिटर भरतो, आणि त्याच वेळी पलीकडच्या मोठ्या भागातून तेल बाहेर ढकलले जाते, तेही क्षेत्रफळांच्या प्रमाणात, म्हणजे १.९ पट. टाकीकडे परतणारा प्रवाह सुमारे १२३ लिटर होतो. रिटर्न पाइपमधला खरा वेग ३.७ मीटर निघाला, आणि फिल्टर तर मिनिटाला ६० लिटरचाच होता.

फिल्टरवरून दुप्पट तेल जाऊ लागले की त्याच्या दोन बाजूंतील दाबाचा फरक वाढतो आणि आतला बायपास उघडतो, म्हणजे तेल न गाळता टाकीत जाते. पहिला पंप निकामी होताना त्याच्या साइड प्लेटचा बारीक चुरा तेलात मिसळला. दर फेरीत रॅम वर जाताना तो फिल्टरला वळसा घालून टाकीत गेला, आणि तेथून दुसऱ्या पंपात. दोन पंपांमधील अंतर कमी कमी का होत गेले, याचा उलगडा मला येथे झाला. सक्शन सुधारून हा भाग तसाच ठेवला असता, तर चौथा पंप कॅव्हिटेशनने नाही, पण चुऱ्याने गेला असता.

सव्वा इंची पाइपमध्ये १२३ लिटरला वेग २.१ मीटर येतो. ती बसवली आणि फिल्टर २५० लिटरचा घेतला, कारण थंड तेलावर फिल्टरला नाममात्र क्षमतेच्या निम्म्यानेच काम द्यावे लागते. परतीच्या नळीचे टोक टाकीत तेलाच्या किमान पातळीखाली, ४५ अंशांत कापून, भिंतीकडे तोंड करून आणि सक्शनपासून दूर ठेवले.

प्रेशर लाइनबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे. व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतच्या दोन्ही होज अर्धा इंची होत्या. ६५ लिटरला त्यांत ८.५ मीटर वेग येतो. गरम तेलावरही त्यामुळे मीटरमागे साधारण एक बार दाब वाया जातो आणि त्याची उष्णता तेलातच उतरते. यामुळे पंप जात नाही, पण तेल लवकर खराब होते. खरी अडचण बोअरच्या बाजूच्या होजची होती. ती रॅम खाली येताना प्रेशर लाइन असते आणि वर जाताना रिटर्न लाइन, आणि त्या वेळी तिच्यातून १२३ लिटर जातात. अर्धा इंचीत त्याचा वेग १६ मीटर होतो. म्हणून रॉडच्या बाजूला पाऊण इंची आणि बोअरच्या बाजूला एक इंची होज घेतली, त्यामुळे तेथील सर्वांत जास्त वेग ४ मीटरच्या आसपास राहिला. रॅम वर जाताना येणारा खणखणीत धक्का याच बदलाने गेला. दिशा बदलणारा व्हॉल्व्हही त्याच्या दाब-ऱ्हासाच्या आलेखावर १२३ लिटरसाठीच तपासावा, ६५ लिटरसाठी नाही.

पुन्हा सुरू करताना

नवा पंप लावण्यापूर्वी सगळे तेल काढून टाकी आतून हाताने पुसली, कारण तळाशी साचलेला चुरा नुसत्या तेल बदलण्याने निघत नाही. सिलिंडरच्या दोन्ही बाजू रिकाम्या केल्या आणि नळ्या धुऊन घेतल्या. सक्शन पाइप आणि पंपाची केसिंग तेलाने भरून, दाब शून्यावर ठेवून, मोटर दोन-तीनदा क्षणभर झटका देऊन फिरवली आणि मगच सलग चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, तेल पुन्हा १५ अंशांना असताना, गेज ९५ मिलिमीटरवर होते. आदल्या व्यवस्थेत हाच काटा ३१० वर थरथरत होता. तेल ५० अंशांना गेल्यावर वाचन ५० मिलिमीटरच्या खाली आले. रॅम वर जाताना फिल्टरचे निशाण हिरवे राहिले.

गेज तेथून काढले नाही. त्याच्या काचेवर फिटरने तांबड्या रंगाने १०५ वर रेघ मारली आणि शेजारी दोन वाचनांचा फळा लावला : थंड तेलाचे आणि गरम तेलाचे. दर सोमवारी पाळी सुरू होताना आणि जेवणाच्या सुटीपूर्वी ही दोन्ही वाचने लिहिली जातात. दोन्ही मिळून वर सरकू लागली तर स्ट्रेनर किंवा ब्रीदर पाहायचा. फक्त थंड तेलाचे वाचन सरकले तर टाकीत कोणी अधिक घट्ट तेल तर भरले नाही ना, हे आधी विचारायचे.